शेरा असा लिहावा की ज्याचा त्यालाच बसावा



गळीत हंगाम संपला, मिल थंड झाली, की कचेरीत एक काम निघते. खातेप्रमुख आपापल्या माणसांचे वार्षिक अहवाल लिहायला बसतात. कागदांचा गठ्ठा मोठा असतो, ओव्हरऑइलिंगची घाई असते, आणि मग एकच ओळ कागदामागून कागदावर उतरते: "काम समाधानकारक. मेहनती. सहकार्याची वृत्ती." ज्याने हंगामभर जीव ओतला त्यालाही तेच आणि ज्याने दिवस ढकलले त्यालाही तेच. ही कचेरीतली गोष्ट असली तरी तिचा धागा आपल्या फडापर्यंत येतो, म्हणून आज तिच्याविषयी लिहीत आहोत.

एक उदाहरण घेऊ. नाथसागराच्या फुगवट्याकडच्या एखाद्या गटात काम करणारा शेतकी मदतनीस समजा. आपण त्याला चिटबॉय म्हणतो. ऊस नोंदीची अवघी भिस्त त्याच्यावर असते. गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख आणि लागण की खोडवा, हे तो लिहील ते खरे. त्या तारखेवरून तोडणीचा कार्यक्रम ठरतो. कुणी पंधरा दिवस आधीची तारीख लावून घेतली, तर त्याची पाळी पुढे सरकते आणि दुसऱ्या एका सभासदाचा ऊस उभ्याउभ्या वाळून वजनात मार खातो.

आमच्या उदाहरणातला हा गडी घरी बसून नोंद घेत नाही. ३०० नोंदी असतील तर ३०० बांधांवर जातो. त्यात १४ ठिकाणी सांगितलेली तारीख आणि उसाची वाढ यांचा मेळ बसत नाही. मग शेजाऱ्यांना विचारून, बेण्याची पावती पाहून, तो तारीख दुरुस्त करतो. त्यातला एक ऊस गावच्या वजनदार माणसाचा असतो, तरी करतो. पुढे तोडणीच्या तोंडावर हँड रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फडात उतरतो. एका खोडव्यात बुडख्याकडे ब्रिक्स २० आणि शेंड्याकडे १५ लागतो. शेंड्याचा आकडा बुडख्याच्या जवळ आला की ऊस पक्व झाला असे धरतात. इथे तो अजून लांब आहे. कागदावर या फडाची पाळी आलेली असते, तरी तो टोळी थांबवायला सांगतो आणि बुडखा २०, शेंडा १९ असलेला शेजारचा फड आधी द्यायला लावतो.

आता या माणसाच्या अहवालात "मेहनती, काम समाधानकारक" एवढेच लिहिले तर काय होईल? त्याने ती ओळ वाचली की एकच गोष्ट त्याच्या ध्यानात येईल, ती म्हणजे साहेबांनी काही पाहिलेलेच नाही. वजनदार माणसाचा राग त्याने पत्करला, आणि ज्याने कुणाचाच राग पत्करला नाही त्याच्या कागदावरही तीच ओळ. पुढच्या हंगामात तो बांधावर कशाला जाईल? नुकसान कुणाचे, हे सभासदांना सांगायला नको.

त्याऐवजी असे लिहावे: "नोंदीच्या वेळी प्रत्येक फड समक्ष पाहिला. १४ लागण तारखा खातरजमा करून दुरुस्त केल्या, दबाव आला तरी बदलल्या नाहीत. एका खोडव्याची तोड ब्रिक्स पाहून पुढे ढकलली, त्यामुळे अपक्व ऊस गाळपाला आला नाही." यात 'उत्तम' हा शब्द कुठेच नाही. पण माणसाने काय केले, कुठल्या वेळी त्याला सोपी वाट मोकळी असताना अवघड धरली, आणि त्यातून काय निघाले, हे तिन्ही आले. खरी पावती ती हीच.

याची पारख सोपी आहे. अहवालावरचे नाव हाताने झाकावे आणि शेरा वाचावा. तो दुसऱ्या कुणाच्या कागदावर तसाच चालत असेल, तर तो शेरा नव्हे, शिक्का आहे.

स्तुती खोटी पडण्याचा आणखी एक प्रकार आमच्या धंद्यात फार होतो. नोव्हेंबरात उतारा कमी असतो, थंडी पडली की चढतो. जानेवारीत आकडा वर गेला की कुणीतरी पॅनमन किंवा केमिस्टची पाठ थोपटतो, "तुम्ही उतारा वाढवलात!" तो बिचारा मनात हसतो, कारण ते थंडीचे काम आहे, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक? त्याच पंधरवड्याचा मागच्या सालचा आकडा शेजारी ठेवा, उसाची जात आणि लागण-खोडव्याचे प्रमाणही पाहा. त्यातून उरेल ते त्याचे. मळीची शुद्धता त्याने खाली राखली असेल, बगॅसमधून जाणारी साखर मिलवाल्याने कमी केली असेल, तर ती नेमकी गोष्ट लिहावी. हवेचे श्रेय माणसाला दिले की त्याच्या खऱ्या कामाचीही किंमत जाते.

गोड शब्द लिहिला म्हणजे भागले, असेही नाही. सीमा सडक अभियांत्रिकी सेवेत देव दत्त नावाचे कार्यकारी अभियंता होते. बढतीसाठी पाच वर्षे 'फार चांगला' असा शेरा लागे. १९९३-९४ साली त्यांना नुसता 'चांगला' मिळाला, तो त्यांना कळवलाही नाही, आणि बढती हुकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मे २००८ मध्ये न्यायालयाने सांगितले की शेऱ्याचे नाव काय हे पाहू नका, परिणाम काय होतो ते पाहा. आणि प्रत्येक शेरा त्या माणसाला कळलाच पाहिजे. पुढे केंद्र सरकारच्या अहवालात १ ते १० गुण आले. त्यात ९ किंवा १० द्यायचे तर कोणते ठळक काम केले ते लिहून दाखवावे, १ किंवा २ द्यायचे तर कोणती चूक झाली ते लिहावे, अशी सूचना आहे. हे नियम सरकारी नोकरीतले. सहकारी कारखान्याचे वेगळे. पण वरचा गुण देणाऱ्याने पुरावा द्यावा, हा न्याय आपल्यालाही पटण्यासारखा आहे.

हा पुरावा हंगाम संपल्यावर आठवत नाही. तेव्हा डोळ्यांपुढे शेवटचा महिनाच असतो. डिसेंबरात रात्री दोन वाजता ज्याने मिलचे काम निभावले तो विसरला जातो. म्हणून खातेप्रमुखाने खिशात छोटी वही ठेवावी आणि त्याच दिवशी तारखेसह एक ओळ टिपावी. जमल्यास त्या माणसाला तेव्हाच सांगावे. वर्षअखेरी तीच ओळ कागदावर आली, की त्याला ती आपली वाटते. आणि चूक सांगायची असेल तर ती वेगळी, सरळ सांगावी. स्तुतीच्या शेपटाला "पण" लावला की माणूस पुढचेच ऐकतो, आणि दुसऱ्या खेपेला स्तुती सुरू होताच "पण"ची वाट पाहतो.

शेवटी सभासदांच्या हातात काय? शेतकी अधिकारी प्रत्येक बांधावर नसतो, तुम्ही असता. एखाद्या कर्मचाऱ्याने चोख काम केलेले पाहिले, तर गट नंबर, तारीख आणि त्याने काय केले, एवढे चार ओळींत लिहून शेतकी कचेरीत द्या. मात्र एक पथ्य पाळा. आपली पाळी लवकर लागली म्हणून कुणाची वाहवा करू नका. उलट ज्याने आपली पाळी नियमाने मागे ठेवली, आणि तरी ते योग्य होते असे तुम्हाला वाटते, त्याच्याबद्दल तुम्ही लिहिलेत, तर त्या चार ओळींचे वजन काट्यावरही दिसेल.