विश्लेषण : एक किलो छोले भिजवून-शिजवून किती होतात? ३० जणांसाठी नेमके किती घ्यावेत?

सोसायटीचा कार्यक्रम, वाढदिवस किंवा घरगुती पूजेनंतरचे जेवण. बेत छोले-पुरीचा ठरतो आणि पहिला प्रश्न येतो, छोले किती भिजत घालायचे? कुणी म्हणते दुप्पट होतात, कुणी म्हणते तिप्पट. गंमत म्हणजे दोघांचेही बरोबर असते. फरक इतकाच की एक जण वजनाबद्दल बोलत असतो आणि दुसरा वाटीच्या मापाबद्दल. या दोन हिशेबांची सरमिसळ झाली की पातेले तरी अपुरे पडते किंवा दुसऱ्या दिवशी घरोघरी डबे तरी द्यावे लागतात.

दुप्पट की तिप्पट?

आधी वजन पाहू. एक किलो कोरडे काबुली चणे रात्रभर भिजवून निथळले की साधारण दोन किलो भरतात. तेच शिजवून, पाणी काढून तोलले तर सुमारे २.२ किलो होतात. म्हणजे वजनातली मोठी वाढ भिजतानाच होते. शिजताना त्यात थोडीच भर पडते.

आता माप पाहू. एक कप कोरडे छोले साधारण २०० ग्रॅम भरतात. शिजल्यावर त्यांचे वजन ४४० ग्रॅमच्या आसपास जाते. पण शिजलेले दाणे फुगलेले असल्याने एका कपात ते १६५ ग्रॅमच मावतात. त्यामुळे एका कपाचे जवळपास पावणेतीन कप होतात. 'तिप्पट होतात' हा घरोघरचा अंदाज इथून आला आहे.

थोडक्यात, बाजारातून किलोने आणायचे असतील तर २.२ हा आकडा धरावा. वाटीने मोजायचे असेल तर पावणेतीन. किलोच्या हिशेबात 'तिप्पट' कधीही धरू नये.

हे पाणी जाते कुठे?

कोरड्या छोल्यात पाण्याचे प्रमाण साधारण दहा टक्के असते, तर शिजलेल्या छोल्यात सुमारे साठ टक्के. म्हणजे ताटातल्या छोल्याच्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग पाणीच असतो.

भिजताना पाणी आधी दाण्याच्या नाकाजवळच्या बारीक छिद्रातून आणि सालीतून आत जाते. आतली प्रथिने आणि पिठूळ भाग ते शोषून घेतात आणि दाणा फुगतो. शिजवताना उष्णतेने हा पिठूळ भाग आणखी पाणी धरतो आणि मऊ होतो. याच वेळी दाण्यातला थोडा अंश पाण्यात उतरतो. छोले उकडलेले पाणी दाटसर लागते ते त्यामुळेच. ते फेकून न देता रश्शाला वापरावे.

यातून आणखी एक गोष्ट समजते. वजन वाढले म्हणून प्रथिने वाढत नाहीत. १०० ग्रॅम कोरड्या छोल्यांत साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात, तर १०० ग्रॅम शिजलेल्या छोल्यांत सुमारे नऊ ग्रॅम. डाएटचा हिशेब ठेवणाऱ्यांनी पाकिटावरचा आकडा कोरड्या दाण्याचा आहे, हे लक्षात ठेवावे.

एका माणसाला किती लागतात?

छोले हाच मुख्य पदार्थ असेल, म्हणजे छोले-पुरी किंवा छोले-भात असा बेत असेल, तर एका मोठ्या माणसाला शिजलेले, निथळलेले १२० ग्रॅम दाणे धरावेत. त्यात रस्सा मिळवला की एक भरलेली वाटी होते. पंगतीत दोन भाज्या, कोशिंबीर आणि गोड पदार्थही असेल तर ८० ग्रॅम दाणे पुरतात.

हिशेबाचे सूत्र सोपे आहे. माणसांची संख्या गुणिले एका माणसाचे शिजलेले दाणे, भागिले २.२. येणारे उत्तर म्हणजे कोरड्या छोल्यांचे वजन.

३० जणांचा हिशेब कसा बसतो?

समजा, ३० मोठी माणसे आहेत आणि बेत छोले-पुरीचा आहे.

३० गुणिले १२० म्हणजे ३,६०० ग्रॅम शिजलेले छोले हवेत. त्याला २.२ ने भागले की साधारण १,६४० ग्रॅम येतात. दुसऱ्यांदा वाढून घेणारे आणि काही न शिजणारे दाणे धरून दहा टक्के वाढवले, की १.८ किलो कोरडे छोले लागतात. त्यातून जवळपास चार किलो शिजलेले दाणे, म्हणजे ३३ वाढपे निघतात.

आता हाच हिशेब 'तिप्पट' धरून केला तर काय होते? ३,६०० भागिले तीन म्हणजे १.२ किलो. हे छोले शिजून २.६ किलोच्या आसपास भरतात आणि २२ जणांत संपतात. शेवटचे आठ जण पुरीबरोबर रस्साच खातात.

उलट टोकाची चूकही होते. 'माणशी १०० ग्रॅम' हा अंदाज कोरड्या छोल्यांना लावला तर तीन किलो भिजत पडतात. त्यांचे शिजून ६.६ किलो होतात. एवढ्यात ५५ जण जेवतील.

भांडे केवढे घ्यावे?

वजनाचा हिशेब जमला तरी बऱ्याचदा गडबड होते ती भांड्यापाशी. १.८ किलो कोरडे छोले सव्वादोन लिटरच्या भांड्यात मावतात. भिजल्यावर त्यांना पाच लिटर जागा लागते.

हे छोले स्वतःच साधारण १.८ लिटर पाणी पितात. त्यामुळे बेताचे पाणी घातले तर सकाळी वरचा थर उघडा पडतो आणि ते दाणे अर्धवट भिजतात. सुरुवातीलाच सहा लिटर पाणी घालावे आणि दहा लिटरचे पातेले घ्यावे.

पुढचा प्रश्न कुकरचा. कडधान्ये शिजताना फेस येतो आणि तो वाफेच्या नळीत अडकू शकतो. म्हणून पाणी धरून कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये. पाच लिटरच्या कुकरमध्ये या हिशेबाने एका वेळी साधारण दोन लिटर भिजलेले छोले बसतात. म्हणजे वरच्या बेतासाठी कुकर तीनदा लावावा लागेल. प्रत्येक खेपेला वाफ जिरण्याचा वेळ धरला तर सकाळचे दोन-तीन तास यातच जातात. जेवणाची वेळ ठरवताना हे आधीच मोजून ठेवावे.

नीट भिजले हे कसे ओळखायचे?

साध्या तापमानाच्या पाण्यात आठ ते दहा तास पुरतात. एक दाणा सुरीने मधोमध कापून पाहावा. आतला भाग सगळीकडे सारखा दिसला तर दाणा तयार आहे. मध्ये कोरडा, कडक ठिपका दिसला किंवा साल सुरकुतलेली असेल तर आणखी वेळ द्यावा.

दुसरी खूण वजनाची. एक किलोचे निथळून दोन किलोच्या आसपास भरायला हवेत. दीड किलोवरच थांबले तर माल जुना असण्याची शक्यता मोठी. उष्ण आणि दमट जागी बराच काळ पडून राहिलेले कडधान्य पाणी कमी घेते आणि कितीही शिट्ट्या दिल्या तरी पुरते मऊ होत नाही. आपल्याकडे अशा दाण्यांना गणंग म्हणतात. मोठ्या बेतासाठी नवीन दुकानातून माल आणला असेल, तर आदल्या दिवशी त्यातले १०० ग्रॅम भिजवून आणि शिजवून पाहावेत. २२० ग्रॅमच्या आसपास भरले तर हिशेब जसाच्या तसा लावता येतो. १९० ग्रॅमच भरले तर २.२ ऐवजी १.९ ने भागावे.

उन्हाळ्यात मात्र बारा तासांहून जास्त बाहेर ठेवू नये. पाण्यावर फेस आला आणि आंबूस वास सुटला तर दाणे आंबायला लागले आहेत. रात्री उकाडा असेल तर भांडे फ्रिजमध्ये ठेवावे किंवा मध्ये एकदा पाणी बदलावे.

रात्री भिजवायचे राहूनच गेले तर छोले भरपूर पाण्यात दोन मिनिटे खळखळून उकळावेत आणि झाकून तासभर ठेवावेत. मग पाणी बदलून कुकरला लावावेत.

शिजवताना काय बिघडते?

टोमॅटो, चिंच किंवा आमचूर आधीच घातले तर दाणे मऊ व्हायला वेळ लागतो, कारण आंबट पाण्यात साल आणि आतली जोडणी सहज सुटत नाही. आंबट नेहमी दाणे शिजल्यावर घालावे. बोअरच्या जड पाण्यातही हीच अडचण येते, कारण त्यातले क्षार दाणा घट्ट धरून ठेवतात. अशा ठिकाणी भिजवायला आणि शिजवायला पिण्याचे पाणी वापरावे.

चिमूटभर खाण्याच्या सोड्याने दाणे लवकर शिजतात, पण जास्त झाला तर साली सुटतात, दाणे फुटतात आणि साबणासारखी चव येते. फुटलेले दाणे रश्शात विरघळले की निथळलेले वजनही कमी भरते. मिठाबाबत मात्र भीती नको. भिजवण्याच्या पाण्यात मीठ घातल्याने साल उलट मऊ होते.

कुकरची पहिली शिट्टी मोठ्या आचेवर झाली की आच मंद करून १५ ते २० मिनिटे ठेवावे. वाफ जिरल्यावर एक दाणा अंगठा आणि बोटात दाबावा. सहज चेपला आणि आत कणी लागली नाही तर झाले.

राजमा आणि चवळीला हाच हिशेब चालेल का?

पूर्णपणे नाही. राजमा आणि चवळी छोल्यांपेक्षा जास्त पाणी धरतात. एक किलोचे शिजून साधारण अडीच किलो होतात. म्हणून सूत्रात २.२ ऐवजी २.५ ने भागावे. त्याच ३० जणांसाठी, त्याच वाढप्याने, दहा टक्के धरून साधारण १.६ किलो राजमा पुरतो.

राजम्याबाबत एक काळजी आवश्यक आहे. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचे प्रथिन असते. राजमा अर्धवट शिजला तर त्यामुळे उलट्या-जुलाब होऊ शकतात. म्हणून भिजवलेले पाणी टाकून द्यावे, ताज्या पाण्यात राजमा किमान दहा मिनिटे खळखळून उकळावा आणि मग पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवावा. कुकरमध्ये हे आपोआप होते. मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये थेट टाकलेल्या राजम्याला मात्र पुरेशी उष्णता मिळत नाही.

लक्षात ठेवा

- छोले : १ किलो कोरडे, भिजून २ किलो, शिजून २.२ किलो.
- राजमा, चवळी : १ किलो कोरडे, शिजून सुमारे २.५ किलो.
- वाटीने : १ वाटी कोरडे छोले, शिजून सुमारे पावणेतीन वाट्या.
- माणशी कोरडे छोले : मुख्य पदार्थ असेल तर ५५ ते ६० ग्रॅम, भरल्या पंगतीत ३५ ते ४० ग्रॅम.
- वजन नेहमी निथळून करा. पाण्यासह तोललेले छोले जास्त भरतात आणि हिशेब फसतो.