कनेक्टरमागच्या पिनचे संरक्षण

मायक्रोकंट्रोलरची जी इनपुट पिन कनेक्टरवाटे डब्याबाहेर येते, तिला कोरड्या हवेत बोट लागताच स्थिर विजेचा झटका बसू शकतो. आठ हजार व्होल्टच्या प्रमाणित चाचणीत, धातूला थेट स्पर्श करून दिलेल्या झटक्याचा प्रवाह नॅनोसेकंदाच्या आत सुमारे ३० अँपिअरवर जातो. चिपमधले इवलेसे संरक्षक डायोड एवढ्यासाठी बनवलेले नसतात.

लांब वायरवरचे बटण ५ व्होल्टच्या पिनला जोडायचे आहे, असे समजू. कनेक्टरलगत दोन क्लॅम्प डायोड बसवावेत: एक सप्लायकडे, एक ग्राउंडकडे. झटक्याचा मोठा प्रवाह तेच वळवतात. तरीही त्या जागी क्षणभर १५ व्होल्ट उरले आणि चिपमधला डायोड साडेपाच व्होल्टच्या आसपास वाहू लागला, तर फरक साडेनऊ व्होल्टचा. डायोड आणि पिन यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर असल्यास पिनमध्ये जेमतेम साडेनऊ मिलिअँपिअर शिरतात.

हा क्रम महत्त्वाचा आहे. फक्त कनेक्टर आणि डायोड यांच्यामध्येच रेझिस्टर ठेवला, तर उरलेला व्होल्टेज थेट पिनवर येतो. ग्राउंडची वाट लांब आणि बारीक असली, तर चांगला डायोडही निरुपयोगी ठरतो. सप्लायकडे वळलेला प्रवाह सामावण्यासाठी डायोडजवळ कपॅसिटर हवाच.

झटक्यानंतर चिप तापली, पण वीजपुरवठा बंद-चालू करताच सावरली, तर तो बहुधा लॅच-अप असतो. पिन कायम एकाच स्थितीत अडकली, तर ती गेली असे समजावे. बटणासाठी १ किलोओहम चालतो. यूएसबीच्या वेगवान डेटालाइनवर तो चालत नाही.