सीरीज बायबल : ॲनिमेशन मालिकेचा आधारग्रंथ

मुलांसाठी योजिलेल्या ॲनिमेशन मालिकेतील कल्पित जग, त्या जगाचे नियम, पात्रे व त्यांचे परस्परसंबंध, कथनाचा सूर आणि संभाव्य भागांची कथाबीजे ज्यात एकत्र नोंदविलेली असतात, अशा दस्तऐवजास ‘सीरीज बायबल’ किंवा नुसते ‘बायबल’ म्हणतात. येथे या शब्दाचा धर्माशी संबंध नसून ‘ज्यातील शब्द सर्वांनी प्रमाण मानावयाचा असा ग्रंथ’ एवढाच अर्थ अभिप्रेत असतो. मालिकेचे निरनिराळे भाग निरनिराळे लेखक एकाच वेळी लिहीत असतात आणि त्यांचे चित्रांकन पुष्कळदा दुसऱ्याच देशात होते. या सर्वांच्या कामात एकवाक्यता राहावी, यासाठी असा आधारग्रंथ आवश्यक ठरतो.

बायबलाची दोन रूपे असतात. प्रसारण-संस्थेपुढे मालिकेचा प्रस्ताव मांडताना तयार केले जाते ते प्रस्ताव-बायबल. ते सचित्र असून साधारणपणे दहा-वीस पानांचे असते. प्रस्ताव स्वीकृत झाल्यावर त्याचा विस्तार करून निर्मिती-बायबल तयार होते व ते लेखक, दिग्दर्शक आणि चित्रकार यांच्या हाती दिले जाते. प्रस्ताव-बायबलात प्रथम एक-दोन वाक्यांत मालिकेचे सूत्र सांगतात. त्यानंतर प्रेक्षकांचा वयोगट, भागाची लांबी (बहुधा ११ किंवा २२ मिनिटे), पात्रपरिचय, कल्पित जगाचे वर्णन, पहिल्या भागाचा सारांश व पुढील काही भागांची कथाबीजे येतात. वाचणाऱ्या अधिकाऱ्यास पहिली कथा चांगली आहे की नाही, एवढेच पाहावयाचे नसते. चाळिसावी कथा कोठून येणार, हे त्याला जाणून घ्यावयाचे असते. म्हणून नव्या कथा निर्माण करण्याची शक्ती मूळ कल्पनेत आहे, हे दाखवून देणे हे प्रस्ताव-बायबलाचे मुख्य कार्य होय.

ही शक्ती कशातून येते, हे ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ या अमेरिकन मालिकेच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. मायकेल दांते डिमार्टिनो व ब्रायन कोनिएट्‌झ्को यांनी ही मालिका निकलोडिअन या मुलांच्या वाहिनीसाठी निर्माण केली. २००५ ते २००८ या काळात तिचे ६१ भाग प्रसारित झाले. तिच्या जगात जल, पृथ्वी, अग्नी व वायू या तत्त्वांशी निगडित असे चार मानवसमूह आहेत. प्रत्येक समूहातील काहींना आपापल्या तत्त्वावर हुकमत चालविता येते. चारही तत्त्वे मात्र एकट्या ‘अवतारा’लाच वश होतात. हा अवतार म्हणजे पुनःपुन्हा जन्म घेणारा एकच आत्मा होय. मालिकेचे नाव मूळच्या संस्कृत शब्दावरून आले आहे. प्रस्तुत जन्मातील अवतार आंग हा बारा वर्षांचा मुलगा असून, शंभर वर्षे हिमखंडात गोठून राहिल्यानंतर तो जागा होतो. तोपर्यंत अग्निराष्ट्राने त्याच्या वायुपंथी समाजाचा संहार करून जगावर युद्ध लादलेले असते.

आरंभीच्या कल्पनेत आंग हजार वर्षे गोठलेला होता व तो जागा होत असे ते एका यांत्रिक भविष्यकाळात. तेथे मोमो नावाचा यंत्रमानव आणि बारा गवे त्याच्यासोबत असत. पुढे निर्मात्यांनी ही कल्पना सोडून काळ शंभर वर्षांवर आणला. बारा गव्यांच्या जागी आप्पा हा एकच उडणारा गवा आला आणि मोमोचे रूपांतर पंख असलेल्या लेमूरमध्ये झाले. या बदलाचा कथांवर होणारा परिणाम मोठा आहे. हजार वर्षांनंतर ओळखीचे कोणीही उरत नाही व गत जग केवळ दंतकथा बनते. शंभर वर्षांनंतर मात्र आंगचा बालमित्र बूमी ११२ वर्षांचा राजा म्हणून भेटू शकतो. युद्धाची झळ पिढ्यान्‌पिढ्या सोसणारी कुटुंबे दिसतात. आंगच्या अनुपस्थितीचा जाब त्याला जिवंत माणसे विचारू शकतात. बायबलातील एक आकडा बदलल्याने अनेक भागांना पुरेल इतके कथाद्रव्य कसे उपलब्ध होते, याचे हे उदाहरण आहे.

पात्रपरिचयातही हेच तत्त्व लागू पडते. ‘शूर, हुशार, खोडकर’ अशा विशेषणांतून प्रसंग उभा राहत नाही. पात्राला काय हवे आहे, त्याच्यात काय उणे आहे आणि इतरांशी त्याचा खटका कोठे उडतो, हे सांगावे लागते. आंगची सोबतीण कटारा हिला जलविद्या शिकण्याची तळमळ आहे. पण तिच्या गावी शिकविणारे कोणी उरलेले नाही. आंग मात्र तीच विद्या सहज आत्मसात करतो. पहिल्या पर्वातील एका भागाचे बीज यावरून असे मांडता येईल : आपल्याआधी आंगला विद्या साधते हे पाहून मत्सरग्रस्त झालेली कटारा चाच्यांकडील जलविद्येची गुंडाळी चोरते, रात्री गुपचूप सराव करताना ती पकडली जाते, तिच्या हट्टापायी सर्वांवर संकट ओढवते. या दोन-तीन वाक्यांत इच्छा, कृती व तिचे मोल ही तिन्ही आली आहेत. कटाराच्या जागी दुसरे पात्र घातल्यास कथा कोलमडते. हेच चांगल्या कथाबीजाचे लक्षण होय.

बायबले सदोष ठरण्याची कारणे बहुतांशी ठरावीक असतात. कल्पित जगाचा इतिहास, वंशावळी व नकाशे यांनी पाने भरतात. पण पडद्यावर घडणारे काहीच हाती लागत नाही. दुसरा दोष म्हणजे मर्यादा नसलेले सामर्थ्य. नायकाला काहीही करता येत असेल, तर कोणतीही अडचण टिकत नाही व प्रत्येक भागात सोयीस्कर नवी शक्ती शोधावी लागते. हे दोष ओळखण्यासाठी बाहेरच्या एखाद्या लेखकाला केवळ बायबल वाचावयास देऊन त्यावरून तीन कथाबीजे लिहावयास सांगावे. त्याला पदोपदी प्रश्न विचारावे लागले, तर नियम अपुरे आहेत; त्याची बीजे अन्य कोणत्याही मालिकेत शोभण्यासारखी असली, तर पात्रे अपुरी आहेत.

स्वीकृतीनंतरही बायबल अपरिवर्तनीय राहत नाही. आंगला भूविद्या शिकविणारी टॉफ ही प्रथम धिप्पाड मुलाच्या रूपात योजिली होती. पुढे तिच्या जागी बारा वर्षांची अंध मुलगी आली. तिला जमिनीतील कंपनांवरून सभोवतालचे ज्ञान होते. या सामर्थ्याबरोबरच त्याची मर्यादाही निश्चित झाली : वाळूत तिला सर्व अस्पष्ट जाणवते व उडणाऱ्या आप्पाच्या पाठीवर ती खऱ्या अर्थाने अंध असते. असा बदल झाल्यावर तो बायबलात नोंदवून सर्व लेखकांना व चित्रकारांना कळवावा लागतो. अन्यथा एका भागात वाळूत चाचपडणारे पात्र दुसऱ्या भागात तेथेच निर्धास्त वावरते. बालप्रेक्षक एकेक भाग अनेकवार पाहत असल्यामुळे अशी विसंगती त्यांच्या नजरेतून क्वचितच सुटते.