हाकेला येणारं पिल्लू

पिल्लाला हाकेला यायला शिकवताना सुरुवात घरातच, दोन पावलांच्या अंतरावरून करावी. ‘ये’ हा शब्द एकदाच उच्चारायचा आणि पिल्लू जवळ येताच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा लगेच द्यायचा. उशीर झाला तर बक्षीस नेमकं कशाचं, हे त्याला कळत नाही. अंतर हळूहळू वाढवत मग अंगणात आणि शेवटी लांब दोरी बांधून मैदानात सराव घ्यावा. हाक मारून आंघोळ घातली किंवा खेळ थांबवला, की पिल्लू हाकेला टाळू लागतं. अशा वेळी न बोलावता आपणच त्याच्याकडे जावं. उशिरा आलेल्या पिल्लालाही रागावू नये. त्याच्या लेखी ती येण्याचीच शिक्षा ठरते.

पट्ट्याचं तत्त्वही हेच. पिल्लानं ओढलं की जागीच थांबायचं; पट्टा सैल पडताच खाऊ आपल्या पायाशी धरून द्यायचा आणि पुढे निघायचं. एकदा जरी ओढून हवं तिथं पोचता आलं, तरी ओढण्याची सवय पक्की होते. गळ्यावर ताण येऊ नये म्हणून छातीचा पट्टा बरा. रस्त्यावरचं कुत्रं दिसताच पिल्लू खाऊही नाकारू लागलं, तर अंतर कमी पडतंय. तिथं शिकवणं थांबवून लांब जावं.