भागाकाराविना भागाकार

१९७६ साली अमेरिकेत लॉस अ‍ॅलामोसच्या प्रयोगशाळेत क्रे-१ हा महासंगणक दाखल झाला. त्याला भागाकाराची आज्ञाच नव्हती. भागायचे असले की तो भाजकाचा व्यस्त काढी आणि त्याने गुणी. पण भागाकार न करता १/७ काढायचा कसा?

इथे न्यूटनची युक्ती कामी येते. उत्तराचा अंदाज घ्यायचा, १/क्ष − ७ या वक्राला त्या ठिकाणी स्पर्शिका काढायची आणि ती आडव्या अक्षाला जिथे छेदेल तो नवा अंदाज मानायचा. वक्र अक्षाला नेमका १/७ पाशी छेदतो, त्यामुळे स्पर्शिका आपल्याला तिकडेच सरकवते. आकडेमोड केली की भागाकार गळून पडतो आणि सूत्र उरते: नवा क्ष = क्ष × (२ − ७ × क्ष). दोन गुणाकार, एक वजाबाकी.

०.१ पासून सुरू करू. ७ × ०.१ = ०.७, दोनातून वजा करून १.३, म्हणून नवा अंदाज ०.१३. पुढे ०.१४१७, मग ०.१४२८४७७७, आणि चौथ्या फेरीला ०.१४२८५७१४२२. यातले पहिले नऊ दशांश बरोबर आहेत.

एवढी घाई कशामुळे, ते अंदाजाला ७ ने गुणून १ मधून वजा केले की दिसते. पहिल्यांदा उरतात ०.३, मग ०.०९, ०.००८१, ०.००००६५६१. प्रत्येक आकडा आधीच्याचा नेमका वर्ग आहे! चुकीचा वर्ग झाला की दशांशचिन्हापुढची शून्ये साधारण दुप्पट होतात, आणि बरोबर अंकही. क्रे-१ मध्ये सुरुवातीचा अंदाजच सुमारे ३० बिटांपर्यंत बरोबर येई. ४८ बिटांच्या संख्येला एक फेरी पुरे. त्यासाठी ‘दोन वजा गुणाकार’ अशी खास आज्ञाच होती.

मात्र हाच वर्ग उलटतोही. ०.३ ने सुरुवात केली तर चूक −१.१ येते. तिचा वर्ग १.२१, त्याचा १.४६, अंदाज −०.०३, −०.०६६ असे उणे होत भरकटतात. सुरुवात शून्य आणि २/७ यांच्या मधलीच हवी. फेरीगणिक चूक वाढताना दिसली, तर सुरुवात बदलावी. उलट, मधल्या फेरीत थोडी चुकामूक झाली तरी बिघडत नाही, ती नवी सुरुवात ठरते. म्हणून आरंभी थोडेच अंक धरले तरी चालते. शेवटच्या फेरीला मात्र सगळे धरावे लागतात, आणि त्यापुढे फेऱ्या वाढवून काही मिळत नाही.

वर्गमूळालाही हाच मार्ग लागू पडतो. आधी १/√२ काढायचे: नवा य = य × (३ − २ × य × य) × ०.५. य = ०.७ धरल्यास ०.७०७ येते, पुढच्या फेरीला ०.७०७१०६७५७. त्याला २ ने गुणले की १.४१४२१३५१४, √२ चे सात दशांश बरोबर.