तिकीट स्टुटगार्टचं, उतरले फ्रँकफर्टला

पुण्याचं तिकीट काढून तुम्ही लोणावळ्याला उतरलात तर रेल्वेला त्याचं सोयरसुतक नसतं. पुढच्या प्रवासाचे पैसे तुम्हीच सोडून दिलेले असतात. विमानाचंही असंच असेल असं आपण गृहीत धरतो, आणि फसतो.

समजा, जोशीकाका मुलाकडे निघालेत. मुंबई ते फ्रँकफर्ट, तिथून दुसऱ्या विमानाने स्टुटगार्ट, आणि महिन्याभराने त्याच वाटेने परत. पुढच्या विमानाला पाच तास अवकाश आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, कशाला ताटकळत बसता? मी गाडी घेऊन येतो, दोनशे किलोमीटर तर अंतर." काका खूश होऊन फ्रँकफर्टलाच बाहेर पडतात. महिनाभराने स्टुटगार्टच्या काउंटरवर पासपोर्ट पुढे करतात, तर त्यांच्या नावाचं बुकिंगच नाही.

काकांच्या हातात कागद एकच असला, तरी त्या तिकिटात चार कुपनं असतात, प्रत्येक उड्डाणाचं एक. पूर्वी तिकिटाच्या पुस्तिकेतून ती खरोखर फाडून घेत, आता ती संगणकात असतात. ती क्रमानेच वापरायची, अशी अट बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या नियमांत असते. दुसऱ्या कुपनाचं विमान काकांविना उडालं की नोंद होते 'नो-शो', आणि तिसऱ्या-चौथ्या कुपनांवरची जागा रद्द होते. यात कुणी काकांवर डूख धरलेला नसतो, बहुतेकदा यंत्रणा आपोआपच हे करते. म्हणून घोळ कळतो तो परत निघताना. चौथं कुपन मात्र कोणी सोडलं, तर त्याच्या मागे रद्द व्हायला काही उरत नाही.

आता कंपनी असा हट्ट का धरते? रेल्वेचं भाडं अंतरावर चालतं, लांब जाल तसे पैसे वाढतात. विमानाचं भाडं चालतं स्पर्धेवर. एखाद्या शहरात एकाच कंपनीचा तळ असेल, तर तिथे थेट जाणाऱ्याला ती चढा भाव लावते. त्याच शहरावरून पुढे जिथे तीन-चार कंपन्या झुंजत असतात, तिथलं भाडं पडतं. त्यामुळे लांबचं तिकीट जवळच्यापेक्षा स्वस्त, असा उफराटा प्रकार घडतो. तेव्हा लांबचं घ्यायचं आणि मधेच उतरायचं, ही झाली 'हिडन सिटी'ची युक्ती. लोणावळ्याला उतरून कुणाचा फायदा होत नाही, इथे होतो, आणि कंपनीचं पोट दुखतं ते त्याचमुळे. काकांच्या मनात असलं काही नव्हतं, पण संगणकाला मन वाचता येत नाही.

ही युक्ती करणारे एकेरी तिकीटच घेतात, कारण परतीच्या तिकिटावर काकांसारखी गत होते. चेक-इनची बॅग शेवटच्या मुक्कामाच्या टॅगने जाते, म्हणून सगळं सामान पाठीवर. त्यातही विमान भरलं आणि केबिनमधली बॅग दारातच खाली टाकायला घेतली, तर ती बहुधा पुढच्या शहरातच निघणार. आणि मूळ विमान रद्द झालं तर कंपनी वेगळ्या शहरावरून पाठवू शकते, कारण तिने वचन दिलंय शेवटच्या गावाचं, मधल्याचं नव्हे. शिवाय मधल्या देशाचा व्हिसा लागतो तो वेगळाच.

कंपन्यांची नजरही असते. २०२३ मध्ये अमेरिकेत सतरा वर्षांचा एक मुलगा गेन्सव्हिलहून शार्लटमार्गे न्यूयॉर्कच्या तिकिटावर निघाला होता. त्याचा ड्रायव्हिंग लायसन्स नॉर्थ कॅरोलायनाचा, म्हणजे शार्लटच ज्या राज्यात आहे त्याचा. अमेरिकन एअरलाइन्सच्या माणसांना काउंटरवरच शंका आली. तिकीट रद्द झालं आणि घरच्यांना थेट तिकीट नव्याने घ्यावं लागलं.

लुफ्थान्झाने तर प्रवाशाला कोर्टात खेचलं. २०१६ मध्ये एकाने ऑस्लो-फ्रँकफर्ट-सिअॅटल असं जाण्या-येण्याचं तिकीट काढलं, परतताना फ्रँकफर्टला उतरून तो वेगळ्या तिकिटावर बर्लिनला गेला. सोडलं ते शेवटचं कुपन, म्हणजे रद्द व्हायला काहीच नव्हतं. कंपनीने भाड्यातला फरक म्हणून २,११२ युरो मागितले. बर्लिनच्या न्यायालयाने २०१८ मध्ये दावा फेटाळला, पण फरक काढण्याची रीत प्रवाशाला पुरेशी स्पष्ट नव्हती, या मुद्द्यावर. वेळेआधी उतरण्याची मुभा म्हणून त्या निकालाकडे पाहणं धोक्याचं.

काकांना यातून सुटायला एक फोन पुरला असता, पण तो दुसरं विमान उडण्याआधी. "फ्रँकफर्टलाच उतरतोय, परतीचं तिकीट तसंच ठेवा" असं कंपनीला सांगायचं. कंपनी कधी ऐकते, कधी नव्याने भाडं मोजून फरक मागते. ऐकलं, तर बुकिंग बदलल्याचा मेल हातात आल्याशिवाय विमानतळाबाहेर पडू नये, आणि स्टुटगार्टचा टॅग लागलेली सुटकेस फ्रँकफर्टलाच मिळेल का, हेही त्याच फोनवर विचारावं.