शिक्षा म्हणून बदली : नाकारता येते का?

अनुशेषाबद्दल प्रश्न विचारला आणि चौदाच महिन्यांत नागपूरहून दूरच्या शहरात बदलीचा आदेश आला, असे समजा. अशा वेळी कामावर न जाणे ही मोठी चूक ठरते. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये, गुजरात वीज मंडळाच्या खटल्यात, स्पष्ट केले की स्थगिती नसेल तर रुजू व्हावेच लागते. गैरहजेरीमुळे मूळ अन्याय बाजूला पडतो आणि आपल्यावरच कारवाई होते.

मात्र 2008 च्या सोमेश तिवारी खटल्यात त्याच न्यायालयाने शिक्षेऐवजी केलेली बदली बेकायदेशीर ठरवली. म्हणून आम्ही सांगतो : आदेशाला आव्हान द्या.

महाराष्ट्राच्या 2005 च्या बदली कायद्यानुसार शासकीय कर्मचाऱ्याचा कार्यकाळ साधारणपणे तीन वर्षांचा असतो. त्याआधी बदली करायची तर लेखी कारणे आणि वरिष्ठ सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. माहिती अधिकारात बदलीची नस्ती मागवा. तक्रारीची पोच आणि आदेश यांच्या तारखा शेजारी ठेवा. लेखी निवेदन द्या आणि माहितीची वाट न पाहता मॅटमध्ये स्थगिती मागा. ती मिळाली नाही, तर हरकत नोंदवून रुजू व्हा. खटला चालूच राहतो.